पत्ता बदलण्याचे पत्र : इंग्रजी मसुदा, हिंदी अनुवाद आणि इंदूरची एक शाखा

इंदूरच्या रामबागेत अनेक वर्षे राहिलेल्या एका मराठी जोडप्याने आपला वाडा विकला आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, विजयनगरमधल्या स्कीम नंबर ५४ मध्ये फ्लॅट घेतला. काका निवृत्त शिक्षक. त्यांचे आणि काकूंचे संयुक्त बचत खाते एका सरकारी बँकेच्या जुन्या घराजवळच्या शाखेत होते आणि पेन्शन त्यातच जमा होई. घर बदलल्यावर काही आठवड्यांनी काकांच्या डेबिट कार्डाची मुदत संपली. बँकेने नवे कार्ड पाठवले ते रामबागेच्या पत्त्यावर. तिथे घ्यायला कोणी नव्हते, त्यामुळे कार्ड परत गेले. पत्ता बदलण्याचा विषय निघाला तो तिथून.

पत्र लिहिले पुण्यातल्या मुलीने. ती नोकरीत रोज इंग्रजीत लिहिते, म्हणून मसुदा इंग्रजीत झाला. मग तिच्या लक्षात आले की शाखेतला सगळा व्यवहार हिंदीत चालतो आणि सही करणारे काका इंग्रजी अडखळत वाचतात. ज्या कागदावर माणूस सही करतो तो त्याला नीट वाचता यायला हवा, हा तिचा विचार अगदी योग्य होता. तिने स्वतःच हिंदी अनुवाद केला, छापून पाठवला, काकांनी सही केली आणि पत्र शाखेत दिले. आठवड्याभराने ते परत आले. समासात पेन्सिलीने तीन शेरे होते: सही जुळत नाही, बिलावरचे नाव वेगळे, पता अपूर्ण.

माझे काम बँकांच्या हिंदी पत्रव्यवहाराचे, म्हणून दोन्ही कागद माझ्याकडे आले. कोणाची ओळख पटू नये इतपत तपशील इथे बदलले आहेत. शाखेने पत्र परत करणे चुकीचे नव्हते, असे माझे मत आहे. पण शेरे लिहिणाऱ्याने जी सर्वांत मोठी उणीव होती ती लिहिलीच नाही, कारण ती शब्दांत नव्हती, पत्राच्या हेतूतच होती.

इंग्रजी मसुदा पाच वाक्यांचा होता. आपल्या शाखेत माझे बचत खाते आहे. मी नुकताच नव्या जागी राहायला आलो आहे. माझा पत्ता अद्ययावत करावा ही विनंती. वीजबिल सोबत जोडले आहे. योग्य ती कार्यवाही व्हावी. वर खाते क्रमांक, खाली नवा पत्ता. कचेरीतली बहुतेक पत्रे अशीच असतात आणि वाचताना काही खटकतही नाही. पण टेबलापलीकडे बसलेल्या माणसाच्या जागी बसून वाचले की प्रश्न पडू लागतात. कोणता पत्ता बदलायचा? बँकेच्या नोंदीत पत्रव्यवहाराचा पत्ता आणि कायमचा पत्ता हे वेगळे रकाने असतात. जुना पत्ता कोणता? तो लिहिलेलाच नव्हता, त्यामुळे नोंदीतल्या पत्त्याशी ताडून पाहायची सोय नव्हती. खाते दोघांचे, पत्र एकाचेच, मग बदल कोणाचा? आणि मुख्य म्हणजे, हा गृहस्थ आता अमुक ठिकाणी राहतो असे त्याने कुठे म्हटले आहे का? म्हटलेले नव्हते. ‘नुकताच नव्या जागी आलो’ एवढेच होते. केव्हापासून, आणि जुनी जागा सोडली की तीही आहे, याचा पत्ताच नव्हता.

हे महत्त्वाचे का, ते रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांत आहे. ग्राहकाची बाकी माहिती तीच असेल आणि फक्त पत्ता बदलला असेल, तर बँकेने त्याच्याकडून नव्या पत्त्याचे स्वयंघोषणापत्र घ्यावे, असे ते निर्देश सांगतात. ते पत्राने, नोंदवलेल्या ईमेलवरून, मोबाइलवरून, बँकेच्या अॅपमधून अशा कोणत्याही मार्गाने देता येते. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत बँकेने त्या पत्त्याची खातरजमा करायची असते: पडताळणीचे पत्र पाठवून, माणूस पाठवून किंवा त्या पत्त्यावर एखादी वस्तू पोहोचल्याचे पाहून. बँकेला हवे असेल तर ती पुराव्याचा कागदही मागू शकते. म्हणजे आपण शाखेत जे पत्र देतो ते नुसता विनंतीअर्ज नसते. ते ग्राहकाचे निवेदन असते आणि बँक पुढची सगळी नोंद त्याच्या आधारावर करते. त्यात घोषणेचे वाक्यच नसेल तर बाकी पत्र कितीही नम्र असले तरी कामाचे उरत नाही.

हिंदीत आल्यावर हे आणखी बिघडते, कारण हिंदी अर्जाची जी घडण शाळेत शिकवतात ती पूर्णपणे याचनेची आहे. ‘सविनय निवेदन है’ने सुरुवात, ‘महती कृपा होगी’ने शेवट, आणि मधल्या दोन-तीन वाक्यांत सुट्टी किंवा फी-माफी मागितलेली. त्या साच्यात घोषणेला जागाच नाही. मुलीने दहावीपर्यंत हिंदी शिकलेली होती आणि तोच साचा तिच्या हाताशी होता. अनुवादाचा मधला भाग असा होता:

> सविनय निवेदन है कि मैं आपकी शाखा में एक बचत खाता बनाए रख रहा हूँ। मैंने हाल ही में अपने निवास को स्थानांतरित किया है। कृपया मेरे पत्ते को अद्यतन करने की कृपा करें। कृपया संलग्न बिजली बिल पाएँ। कृपया आवश्यक करें।

पहिले आणि शेवटचे वाक्य वाचून हिंदी माणूस क्षणभर थबकेल, कारण दोन्हींची रचना इंग्रजीची आहे. हिंदीत खाते ‘बनाए रख’त नाहीत, ‘मेरा खाता है’ म्हणतात. ‘आवश्यक करें’ला तर अर्थच नाही, कारण काय करायचे ते वाक्यात आलेलेच नाही. तिसऱ्या वाक्यात मराठी हात दिसतो. हिंदीत पत्त्याला ‘पता’ म्हणतात. ‘पत्ता’ म्हणजे झाडाचे पान किंवा खेळातले पान, आणि ‘मेरे पत्ते को’ वाचून काउंटरवरच्या माणसाला काय वाटले असेल ते सांगायला नको. पुणे-मुंबईहून हिंदी प्रदेशातल्या शाखांत जाणाऱ्या पत्रांत ही चूक वारंवार सापडते, कारण लिहिणाऱ्याच्या डोळ्याला तो शब्द अगदी ओळखीचा असतो आणि संशयच येत नाही. तरीही या तिन्ही वाक्यांमुळे पत्र अडले नसते. अर्थ कळत होता. ते अडले ते पत्त्याच्या ओळींवर.

नवा पत्ताही मुलीने भाषांतरित केला होता. ‘स्कीम नंबर ५४’चे ‘योजना क्रमांक ५४’ झाले, ‘फ्लॅट’चे ‘सदनिका’ झाले. ‘सदनिका’ हा शब्द मराठी जाहिरातींत आणि करारांत सर्रास चालतो, पण इंदूरच्या टपालात तो कोणी वापरत नाही. आता बँकेच्या बाजूने पाहा. शाखेतल्या संगणकावर पत्ता रोमन अक्षरांत, दोन-तीन ओळींच्या रकान्यांत भरायचा असतो आणि प्रत्येक ओळीला अक्षरांची मर्यादा असते. समोर फक्त देवनागरी पत्ता असेल तर भरणारा आपल्या मनाने स्पेलिंग करतो. ‘योजना क्रमांक’ हे तो तसेच रोमनमध्ये उतरवील, की आठवून ‘स्कीम’ लिहील, हे त्याच्यावर. मग गॅसच्या बिलावर एक, बँकेत दुसरे आणि आधारवर तिसरे असे होते आणि पुढच्या प्रत्येक पडताळणीत तोच माणूस तीन वेगळ्या ठिकाणी राहत असल्यासारखा दिसतो. म्हणून हिंदी पत्रातही पत्ता दोनदा लिहावा: एकदा देवनागरीत, सही करणाऱ्याला वाचता यावा म्हणून, आणि एकदा रोमनमध्ये, पुराव्याच्या कागदावर जसा आहे तसाच, अक्षर न बदलता. या प्रकरणात रोमन ओळी अशा होत्या:

```
FLAT 302, SCHEME NO 54
VIJAY NAGAR
INDORE MP 452010
```

त्यातल्या शेवटच्या आकड्याने पहिल्या पत्रात वेगळाच घोळ केला होता. पिन कोडचे पहिले तीन आकडे टपालाचा वर्गवारी-जिल्हा सांगतात आणि शेवटचे तीन वाटप करणारे कार्यालय. इंदूर शहराचे बहुतेक पिन ४५२ने सुरू होतात. मुलीने जुन्या पत्त्याचा पिन नव्या पत्त्याला तसाच चिकटवला होता. गाव बदलले असते तर ही चूक लगेच डोळ्यांत भरली असती. बऱ्याच प्रणालींत पिन टाकला की शहर आणि राज्य आपोआप येते आणि पुण्याचा पिन इंदूरच्या पत्त्याला घातला तर ते जुळत नाही. पण त्याच शहरातला जुना पिन घातला तर शहर इंदूरच येते, राज्य मध्य प्रदेशच येते आणि काहीही चुकल्याचे कळत नाही. टपाल मात्र आधी चुकीच्या टपाल कार्यालयात जाते. शहरातल्या शहरात घर बदलणाऱ्यांनी पिन टपाल खात्याच्या संकेतस्थळावरून पाहून घ्यावा, शेजाऱ्याला विचारून नव्हे.

सहीचा शेरा मला सगळ्यात शिकवण्यासारखा वाटतो. काकांनी खाते उघडताना सही इंग्रजीत केली होती. नमुना सही तीच आहे, धनादेशांवर तीच असते. पण समोर हिंदी पत्र आले तेव्हा त्यांनी सहजपणे देवनागरीत सही केली. हिंदी कागदावर इंग्रजी सही बरी दिसत नाही, असे त्यांना वाटले. पत्राची भाषा आणि सहीची लिपी यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. बँक सही वाचत नाही, ताडून पाहते. पत्र हिंदीत असो, मराठीत असो की इंग्रजीत, सही नमुन्याप्रमाणेच हवी. अनुवाद करणाऱ्याने सहीच्या जागेखाली तसे लिहूनच ठेवावे.

राहिले बिल. फ्लॅट घेतला होता, पण वीजमीटरवर अजून आधीच्या मालकाचे नाव होते आणि शिवाय ते बिल तीन महिन्यांपूर्वीचे होते. ग्राहकाच्या पासपोर्ट, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र किंवा आधारवर नवा पत्ता नसेल, तर पत्त्यापुरता चालणारा पुरावा म्हणून रिझर्व्ह बँकेने काही कागद ठरवून दिले आहेत. त्यात वीज, टेलिफोन, पोस्टपेड मोबाइल, पाइप गॅस किंवा पाणी यांचे दोन महिन्यांपेक्षा जुने नसलेले बिल येते, मालमत्ता किंवा नगरपालिका कराची पावती येते, आणि सरकारी किंवा सार्वजनिक उपक्रमांतल्या निवृत्तांच्या पेन्शन आदेशावर पत्ता असेल तर तोही येतो. असा कागद दिला तर तीन महिन्यांच्या आत नवा पत्ता असलेले मूळ ओळखपत्र द्यावे लागते. काकांकडे खरेदीखत होते आणि ते नोंदणीकृतही होते. पण या यादीत खरेदीखत नाही. घर आपले आहे याचा तो पुरावा, आपण तिथे राहतो याचा नाही. सुदैवाने पाइप गॅसची जोडणी काकांनी स्वतःच्या नावाने घेतलेली होती आणि मे महिन्याचे बिल हातात होते. तेच लावायचे ठरले.

दुसरा मसुदा करताना मी मुलीला एकच आग्रह केला: आधी इंग्रजी पत्र दुरुस्त कर, मग हिंदीकडे ये. अनुवादात उणीव भरून काढायला गेलो तर दोन कागद वेगवेगळे बोलू लागतात, आणि पुढे वाद झाला तर कोणता खरा हा प्रश्न येतो. इंग्रजीत आता घोषणा आली, तारीख आली, जुना-नवा दोन्ही पत्ते आले. वाडा विकलेला असल्यामुळे कायमचा पत्ताही बदलणे भाग होते, तेही स्पष्ट लिहिले. त्यावरून झालेले हिंदी पत्र पूर्ण देतो. त्यातली सीआईएफ म्हणजे बँकेतली ग्राहकाची मुख्य नोंद. कंसातल्या जागी ज्याने त्याने आपले तपशील भरायचे.

> सेवा में,
> शाखा प्रबंधक,
> (बैंक और शाखा का नाम), इंदौर
>
> दिनांक: 12 जून 2025
>
> विषय: निवास का पता बदलने की सूचना एवं घोषणा
> खाता संख्या: (पासबुक के अनुसार)
> सीआईएफ संख्या: (पासबुक के अनुसार)
>
> महोदय/महोदया,
>
> आपकी शाखा में मेरा बचत खाता है, जो मेरी पत्नी के साथ संयुक्त है।
>
> मैं घोषणा करता हूँ कि 3 मई 2025 से मैं नीचे लिखे नए पते पर रह रहा हूँ। पुराना मकान बिक चुका है और मैं अब वहाँ नहीं रहता।
>
> पुराना पता, जो बैंक के रिकॉर्ड में है: (पूरा पता)
> नया पता: फ्लैट 302, स्कीम नं. 54, विजय नगर, इंदौर (म.प्र.) 452010
> नया पता रोमन में, जैसा बिल पर छपा है: (पूरा पता)
>
> कृपया मेरी सीआईएफ में स्थायी पता और पत्राचार का पता, दोनों की जगह यह नया पता दर्ज करें। मेरे नाम, मोबाइल नंबर, पैन और नामांकन में कोई बदलाव नहीं है। केवल पता बदला है।
>
> नए पते के प्रमाण के लिए पाइप गैस का मई 2025 का बिल संलग्न है। नए पते वाले आधार की प्रति तीन महीने के भीतर शाखा में जमा कर दूँगा।
>
> मेरा नया डेबिट कार्ड पुराने पते से लौट आया है। पता दर्ज हो जाने के बाद उसे नए पते पर भेजें, या शाखा से लेने की सूचना दें।
>
> कृपया इस पत्र की दूसरी प्रति पर प्राप्ति की मुहर और तारीख दे दें।
>
> भवदीय,
> (हस्ताक्षर, बैंक में दिए गए नमूने के अनुसार)
> (नाम, पासबुक के अनुसार)
> (मोबाइल नंबर, जो खाते में दर्ज है)
>
> संलग्नक: पाइप गैस बिल की स्वप्रमाणित प्रति

‘केवल पता बदला है’ हे वाक्य मी मुद्दाम घालायला लावले. वर सांगितलेली स्वयंघोषणेची सोय ‘फक्त पत्ता बदलला’ अशा ग्राहकाला लागू होते. ते वाक्य असले की अधिकाऱ्याला पत्र कोणत्या कप्प्यात टाकायचे ते कळते आणि पूर्ण केवायसी नव्याने करायला सांगण्याचे कारण उरत नाही. ‘अद्यतन’ ऐवजी ‘दर्ज करें’ घेतले, कारण काउंटरवर जे काम प्रत्यक्ष करायचे आहे तेच त्यातून सांगितले जाते. विनवणीची वाक्ये सगळी काढली. ‘कृपया’ जिथे काही करायला सांगितले आहे तिथेच ठेवले. हिंदीत एवढे पुरेसे सभ्य आहे, उद्धट वाटत नाही.

आकडे आंतरराष्ट्रीय ठेवले आहेत, देवनागरी नाहीत. संविधानाच्या अनुच्छेद ३४३ने संघराज्याच्या शासकीय कामासाठी देवनागरी लिपीतली हिंदी ठरवताना अंकांचे रूप मात्र आंतरराष्ट्रीय ठरवले आहे, त्यामुळे बँकेच्या हिंदी कागदांवरही तेच अंक असतात. व्यवहारातही ते सुरक्षित. हाताने घाईत लिहिलेले देवनागरी एक आणि नऊ खातेक्रमांकात एकमेकांसारखे दिसू शकतात. महिना अक्षरांत लिहिला, कारण नुसते आकडे लिहिले की १२ जूनचा ६ डिसेंबर होऊ शकतो.

पत्र हिंदीत दिल्याचा एक फायदा फार कमी लोकांना ठाऊक आहे. राजभाषा नियम, १९७६ मधल्या नियम ५ प्रमाणे केंद्र सरकारच्या कार्यालयाला हिंदीत पत्र आले तर उत्तर हिंदीतच द्यावे लागते, आणि केंद्राच्या मालकीच्या किंवा नियंत्रणाखालच्या संस्था या व्याख्येत येत असल्याने राष्ट्रीयीकृत बँकाही त्यात आल्या. काकांना पुढे शाखेकडून जे काही लेखी येईल ते त्यांना वाचता येईल अशा भाषेत यावे, ही खबरदारी या एका पत्राने घेतली गेली. खासगी बँकेला हा नियम लागू नाही. आणि शाखा महाराष्ट्रात असेल तर हिंदीकडे जायची गरजच नाही, मराठीत पत्र द्यावे. ग्राहकांसाठीचे छापील अर्ज इंग्रजी, हिंदी आणि प्रादेशिक भाषा अशा तिन्ही भाषांत ठेवायला रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलेले आहे, तेव्हा काउंटरवर मराठी फॉर्म मागायला संकोच नको.

आता काकूंचे काय? इथे बहुतेक घरे चुकतात. पत्ता खात्याला चिकटलेला नसतो, ग्राहकाला चिकटलेला असतो. प्रत्येक ग्राहकाची एक सीआईएफ असते आणि तिच्याखाली त्याची खाती, ठेवी, कर्जे असतात. काकांच्या सीआईएफमध्ये पत्ता बदलला की त्या बँकेतल्या त्यांच्या सगळ्या ठेवींना नवा पत्ता लागतो, मात्र संयुक्त खात्यातल्या दुसऱ्या व्यक्तीची सीआईएफ तशीच राहते. काकूंचे कार्ड पुढच्या वेळी पुन्हा रामबागेलाच गेले असते. म्हणून त्यांचे वेगळे पत्र हवे होते.

मुलीने काकांच्या पत्राची प्रत घेऊन फक्त नाव बदलले. इंग्रजीत तेवढे चालले असते, कारण तिथे बोलणारा पुरुष की बाई हे क्रियापदातून कळत नाही. हिंदीत ‘घोषणा करता हूँ’चे ‘करती हूँ’, ‘रह रहा हूँ’चे ‘रह रही हूँ’, ‘नहीं रहता’चे ‘नहीं रहती’, ‘कर दूँगा’चे ‘कर दूँगी’, ‘पत्नी के साथ’चे ‘पति के साथ’ आणि ‘भवदीय’चे ‘भवदीया’ असे सगळीकडे फिरावे लागते. एखादे रूप राहून गेले तर पत्र रद्द होत नाही. पण घोषणेच्या वाक्यातच ‘करता हूँ’ आणि खाली बाईंची सही असली, की हे पत्र त्यांनी वाचले तरी आहे का, अशी शंका अधिकाऱ्याला येते, आणि ती रास्त आहे. काकूंच्या नावावर एकही बिल नव्हते. त्यांच्या पत्रात पतीसोबत त्याच पत्त्यावर राहत असल्याची घोषणा केली आणि पतीच्या बिलाची प्रत जोडली. शाखेने ते स्वयंघोषणा म्हणून घेतले आणि पडताळणीचे पत्र टपालाने पाठवायचे ठरवले.

दोन्ही पत्रे देताना शाखेने आपला छापील फॉर्मही भरून घेतला. त्याला हरकत घेण्यात अर्थ नाही. फॉर्म प्रणालीसाठी असतो आणि पत्र तुमच्यासाठी, कारण शिक्का मारलेली प्रत तुमच्याकडे फक्त पत्राचीच राहते. आधारची छायाप्रत देताना तिच्यावरचे पहिले आठ आकडे काळे करावेत किंवा शेवटचेच चार आकडे दाखवणारे मास्क केलेले आधार द्यावे. जिथे आधारचे प्रमाणीकरण करायचे नसते तिथे क्रमांक झाकलेला असावा, असे रिझर्व्ह बँकेचेच सांगणे आहे.

आत काय होते तेही थोडक्यात सांगतो, म्हणजे कुठे अडले ते ओळखता येते. एक कर्मचारी सही ताडून बदल भरतो आणि दुसरा अधिकारी तो तपासून मंजूर करतो. पहिल्याने भरले आणि दुसऱ्याने मंजूर केले नाही तर पडद्यावर जुनाच पत्ता राहतो. काउंटरवर ‘हो गया’ असे ऐकून समाधान मानू नये. नोंदीतला पत्ता खरोखर बदलला का, हे पाहण्याचा सोपा मार्ग म्हणजे नव्या पासबुकाचे पहिले पान छापून घेणे किंवा नेट बँकिंगमध्ये आपली माहिती उघडून पाहणे. काकांनी पासबुक छापून घेतले, तेव्हा पत्रव्यवहाराचा पत्ता बदललेला होता पण कायमचा पत्ता वाड्याचाच होता. शिक्क्याची प्रत दाखवून, त्यातल्या ‘दोनों की जगह’ या शब्दांवर बोट ठेवून, ते त्याच दिवशी दुरुस्त झाले. शाखेने दाद दिली नसती तर आधी बँकेकडेच लेखी तक्रार करायची, आणि तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचे, असा क्रम आहे. तिथे शिक्का आणि तारीख असलेली प्रतच कामी येते.

पडताळणीचे पत्र विजयनगरला पोहोचले, त्यानंतर कार्डही आले. आधारवरचा पत्ता बदलून झाल्यावर दोघांनी त्याच्या प्रती तीन महिन्यांच्या मुदतीत शाखेत दिल्या आणि त्यांच्यावरही तारखेचे शिक्के घेतले. लॉकर त्याच शाखेत असला तरी त्याच्या करारावर आणि नोंदवहीत जुना पत्ता होता. त्यासाठी काकांनी वेगळा अर्ज दिला. वारस म्हणून नोंदवलेल्या मुलीचाही पत्ता वाड्याचाच होता, म्हणून नामांकनाचा फॉर्म नव्याने भरला. डीमॅट खाते आणि विमा दुसऱ्या संस्थांकडे असल्याने तिथे पत्ता स्वतंत्रपणे कळवावा लागतो. मुलीने ती पत्रे याच हिंदी मसुद्यावरून केली. विम्याच्या पत्रात मात्र खाते आणि सीआईएफ क्रमांकांच्या जागी पॉलिसी क्रमांक घातले आणि डेबिट कार्डाचा परिच्छेद काढून टाकला.